चढाचा हिशेब: वजनं उचलायला लागलेल्यांसाठी इनक्लाइन ट्रेडमिल आणि जिना

जिमला लागून दोन-तीन महिने झाले, स्क्वॉट-डेडलिफ्टचं वजन हळूहळू वाढतंय, पण आठ रेप्सचा सेट संपेपर्यंत पायांआधी दमच संपतो आणि पुढच्या सेटसाठी चार-पाच मिनिटं बाकावर बसून राहावं लागतं. तुमचं असं होत असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. अशा वेळी ट्रेनर सांगतात, "थोडा कार्डिओ कर." नवखा माणूस पळायला लागतो, आठवड्याभरात नडग्या ठणकतात, गुडघे कुरकुरतात, आणि सोमवारी स्क्वॉटच्या रॅकपाशी पाय उचलत नाहीत. मग कार्डिओ सुटतो आणि दम होता तिथेच राहतो.

यावरचा सोपा उपाय म्हणजे पळण्याऐवजी चढणं. चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो, त्यामुळे प्रत्येक पावलाला बसणारा दणका साधारण शरीराच्या वजनाइतका किंवा त्याहून थोडाच जास्त असतो. पळताना दोन्ही पाय हवेत जातात आणि उतरताना वजनाच्या दुप्पट-अडीचपट दणका बसतो. हृदयाला काम हवं असेल तर वेग न वाढवता चढ वाढवायचा, म्हणजे दणका तेवढाच राहतो आणि श्रम वाढतात. पण एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. दणका कमी म्हणजे भार कमी नव्हे. चढावर पोटऱ्या, टाचेमागची शीर आणि ग्लूट्स यांच्यावर चांगलाच ताण येतो आणि याच स्नायूंकडून तुम्हाला स्क्वॉट-डेडलिफ्टही करून घ्यायचे असतात. म्हणून चढ मोजूनमापून घ्यावा लागतो. तो मोजायचा कसा आणि आठवड्यात बसवायचा कुठे, हे पुढे टप्प्याटप्प्याने सांगतो.

१. आधी विचारून घ्या, जवळ काय हवं ते बघा

छातीत दुखणं, चालताना अंधारी येणं, उच्च रक्तदाब, इन्सुलिन चालू असलेला मधुमेह, गरोदरपण, गुडघ्याची किंवा घोट्याची अलीकडची शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल, तर नाडीचे आकडे तुम्हाला लागू पडत नाहीत, कारण ती गोळी नाडी मुद्दाम दाबून ठेवते. अशांनी फक्त बोलण्याची कसोटी वापरावी. ती पाचव्या टप्प्यात आहे.

सामान फार लागत नाही:

- चालायचे किंवा पळायचे बूट, टाचेपाशी एका बाजूने न झिजलेले. उंच टाचेचे लिफ्टिंगचे बूट यासाठी नकोत, त्यांचा तळ कडक असतो आणि पाऊल नीट वाकत नाही.
- नाडी दाखवणारं घड्याळ असलं तर उत्तम. नसेल तर मानेवर बोटं ठेवून १५ सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा.
- छोटी वही. वेग, चढ, मिनिटं आणि शेवटची नाडी एवढे चार आकडे लिहायला.
- मोबाइलमधलं कोन मोजणारं लेव्हल ॲप. ते कशासाठी, हे लगेच येतंय.

२. मशीनवरचा चढ खरा किती, ते मोजा

ट्रेडमिलवर INCLINE च्या बटणापुढे जो आकडा दिसतो तो बऱ्याच व्यावसायिक मशीनवर टक्क्यांत असतो. १० टक्के म्हणजे १०० मीटर चालल्यावर १० मीटर उंची. घरगुती मशीनवर मात्र तोच आकडा नुसता 'लेव्हल' असू शकतो. स्क्रीनवर १२ दिसतं आणि खरा चढ ५-६ टक्केच भरतो. काही घरगुती मशीनवर तर मागच्या पायाशी खिळ बदलून तीन पायऱ्यांचा चढ करावा लागतो आणि तो टक्क्यांत किती हे कुठेच लिहिलेलं नसतं.

म्हणून एकदा मोजून घ्या. पट्टा बंद ठेवा, चढ हवा तेवढा करा आणि मोबाइल बाजूच्या स्थिर पट्टीवर, जिथे आपण पाय ठेवून चढतो तिथे, लांबीच्या दिशेने ठेवा. लेव्हल ॲप अंशात कोन दाखवेल. एक अंश म्हणजे साधारण पावणेदोन टक्के. २ अंश म्हणजे साडेतीन टक्के, ४ अंश म्हणजे ७ टक्के, ७ अंश म्हणजे १२ टक्क्यांच्या जरा वर. चढ शून्यावर असताना मोबाइल अर्धा-एक अंश दाखवत असेल तर तेवढा वजा करा, जमीन किंवा मशीनचे पाय समपातळीत नसतील. ही नोंद वहीच्या पहिल्या पानावर करा. जिम बदललं, मशीन बदललं की पुन्हा मोजा.

वेगाचंही तसंच. समाजमाध्यमांवर '१२-३-३०' नावाचा प्रकार खूप फिरतो: १२ टक्के चढ, ३ चा वेग, ३० मिनिटं. त्यातला ३ हा मैलांचा आहे. आपल्याकडच्या बहुतेक मशीनवर वेग किलोमीटरमध्ये असतो आणि ३ मैल म्हणजे ४.८ किलोमीटर. काही जण ३ टाकून आरामात चालतात आणि यात काय विशेष, असं म्हणून सोडून देतात. काही जण बरोबर ४.८ टाकतात आणि दहाव्या मिनिटाला दांडा धरून लोंबकळायला लागतात. ४.८ च्या वेगाने १२ टक्क्यांवर चालणं हे सपाटीवर ताशी साडेसात किलोमीटरने पळण्याइतकं श्रमाचं आहे. ते नवख्याचं पहिल्या दिवसाचं काम नाही.

३. मिनिटाला किती मजले, एवढंच बघा

ट्रेडमिल आणि जिना यांची तुलना करायची तर एकच माप उपयोगी पडतं: मिनिटाला आपण किती उंची चढलो. इमारतीचा एक मजला साधारण ३ मीटरचा धरा.

ताशी ४.५ किलोमीटर म्हणजे मिनिटाला ७५ मीटर. चढ ४ टक्के ठेवला तर मिनिटाला ३ मीटर उंची, म्हणजे मिनिटाला एक मजला. ताशी ४.८ आणि चढ ७ टक्के ठेवला तर मिनिटाला ५.६ मीटर, जवळजवळ दोन मजले. '१२-३-३०' मध्ये मिनिटाला ९.६ मीटर होतात, म्हणजे तीन मजल्यांच्या वर, आणि अर्ध्या तासात २८८ मीटर. ९६ मजल्यांची उंची! हा आकडा समोर आला की पोटऱ्या का धरतात ते वेगळं सांगावं लागत नाही.

आता जिना बघा. आपल्या इमारतींत पायरी साधारण १६ सेंटिमीटरची असते. नेहमीच्या चालीने माणूस एक मजला वीस सेकंदांत चढतो, म्हणजे मिनिटाला तीन मजले. म्हणजे कसलीही तयारी नसताना जिन्यावर आपण थेट '१२-३-३०' च्या चालीने सुरुवात करतो. चौथ्या मजल्यावर धाप लागते ती तब्येत अगदीच ढासळली म्हणून नव्हे, चाल जास्त असते म्हणून. ट्रेडमिलवर चढ आणि वेग दोन्ही आपल्या हातात असतात. जिन्याचा चढ कवडीभरही कमी करता येत नाही, तिथे फक्त चाल कमी करता येते. मिनिटाला ३५ पायऱ्या चढलात, म्हणजे प्रत्येक पायरीला पावणेदोन सेकंद दिलेत, तर ती ७ टक्क्यांवर ४.८ ने चालण्याइतकीच उंची होते. इतकं हळू चढताना सुरुवातीला अवघडल्यासारखं वाटतं, पण नवख्यासाठी योग्य चाल तीच.

म्हणून नवख्याचा क्रम असा: आधी ट्रेडमिलवर मिनिटाला एक मजला, मग दीड, मग दोन. दोनवर आरामात बोलता यायला लागलं की जिना. तीन मजल्यांची घाई पहिल्या तीन महिन्यांत करू नका.

४. दांडा सोडा

हा टप्पा चुकला तर बाकीचा हिशेब निरर्थक होतो. कुठल्याही जिममध्ये संध्याकाळी सातला जाऊन बघा. चढ १५ वर, दोन्ही हातांनी पुढचा दांडा घट्ट धरलेला, कोपर ताणलेले, आणि शरीर मागे कललेलं. नीट बघितलं तर शरीर पट्ट्याशी काटकोनात आहे, म्हणजे माणूस सपाटीवरच चालतोय, फक्त मशीन तिरकं झालंय. वजनाचा काही भाग हातांवर आहे, चढण्याचं काम बरंच कमी झालंय. स्क्रीनवर कॅलरी मात्र पूर्ण पडतात, कारण मशीन वेग आणि चढावरून हिशेब करतं. तुम्ही लोंबकळताय हे त्याला कळत नाही. त्या कॅलरीच्या आकड्यावर विसंबून रात्री जास्त जेवू नका.

नियम सोपा ठेवा. हात सोडून चालता येत नसेल तर चढ जास्त आहे. १ टक्क्याने उतरवा, पुन्हा हात सोडून बघा, जमत नसेल तर आणखी उतरवा. जिथे हात मोकळे राहतात आणि कोपर नैसर्गिक झुलतात तो तुमचा आजचा चढ. तोल जातोय असं वाटलं तर बोटं दांड्यावर टेकवायला हरकत नाही, ओढायचं नाही. पन्नाशी-साठीतल्या किंवा तोलाची अडचण असलेल्यांनी एका हाताची बोटं टेकवून ठेवावीत आणि चढ बेताचाच ठेवावा.

शरीर किंचित पुढे झुकू द्या, पण घोट्यापासून, कमरेत वाकून नाही. कमरेतून वाकून चाललात की अर्ध्या तासाने पाठीचा खालचा भाग भरून येतो, आणि दुसऱ्या दिवशी डेडलिफ्ट असेल तर ते महागात पडतं. नजर समोर ठेवा. मोबाइल स्क्रीनपाशी ठेवून मान खाली घालून बघत बसलात तर हमखास कमरेत वाकता. पावलं छोटी ठेवा, लांब टांग टाकून चढलात की पोटरीवरचा ताण उगाच वाढतो.

सेफ्टी क्लिप कपड्याला लावाच. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, पट्टा अचानक थांबला की माणूस पुढे झोकला जातो. क्लिप वीज जाण्यापासून वाचवत नाही, पण पाय घसरल्यावर चालू पट्ट्यावर फरफटत जाण्यापासून वाचवते. वीज गेली तर काय, याचं उत्तर हळू वेग हेच. ४.५-४.८ च्या वेगाने चालणारा माणूस दांडा पकडून सावरू शकतो.

५. किती जोर लावायचा

पहिले तीन महिने एकच कसोटी: शेजारच्या मशीनवरच्या मित्राशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. 'उद्या सकाळी किती वाजता येणार आहेस, मला साडेसहाला निघायचंय' हे एका दमात म्हणता आलं तर ठीक. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर चढ १-२ टक्क्यांनी कमी करा. गाणं म्हणता येत असेल तर थोडा वाढवा.

नाडी बघायची असेल तर २२० मधून वय वजा करून जो अंदाज येतो त्याच्या ६० ते ७५ टक्क्यांत राहा. ३४ वर्षांच्या माणसाला हे ११० ते १४० च्या आसपास येतं. पण हा अंदाजच आहे, कोणाची नाडी यापेक्षा १०-१२ ठोक्यांनी वेगळी असू शकते. म्हणून बोलण्याची कसोटी आणि नाडी यांच्यात फरक पडला तर बोलण्यावर विश्वास ठेवा.

शेवटची तीन-चार मिनिटं चढ शून्यावर आणि वेग ३ च्या आसपास आणून चाला. धाडकन STOP दाबून उतरलात तर रक्त पायांतच साचून राहतं आणि चक्कर येते. जिममध्ये मशीनपाशी माणूस कोसळतो तो बरेचदा थांबल्यावरच्या पहिल्या मिनिटात.

६. जिना: वर चालत, खाली लिफ्टने

गुडघे दुखतात म्हणून जिना नको, असं म्हणणाऱ्यांना विचारा, कधी दुखतात? बहुतेकांचं उत्तर उतरताना असं येतं. चढताना स्नायू आखडून शरीर वर ढकलतात. उतरताना तेच स्नायू ताणले जात शरीराला रोखून धरतात, आणि गुडघ्याच्या वाटीवर जास्त दाब येतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या ज्या भरून येतात त्याही उतरण्यामुळे. लिफ्टिंग करणाऱ्याला हे अंगदुखणं परवडत नाही. म्हणून लिफ्ट असलेल्या इमारतीत चढायचं चालत आणि उतरायचं लिफ्टने. लिफ्टची ती दीड-दोन मिनिटं म्हणजे आपली विश्रांती.

चढताना पूर्ण पाऊल पायरीवर टेकवा. नुसता चवडा टेकवून चढलात तर सगळा भार पोटरीवर जातो. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहू द्या, आत कोसळू देऊ नका. स्क्वॉटमध्ये ट्रेनर जे ओरडून सांगतात तेच इथे. कठड्याला हात लावा, ओढू नका. सुरुवातीला एक-एकच पायरी. दोन-दोन पायऱ्या घेतल्या की ग्लूट्सना जास्त काम पडतं, पण गुडघा जास्त वाकतो आणि चालही नकळत वाढते, तेव्हा ते पुढच्या महिन्यांसाठी ठेवा.

पहिल्या दिवशी तळमजल्यावरून चौथ्या मजल्यापर्यंत, पायरीला पावणेदोन सेकंद. साधारण सव्वादोन मिनिटं लागतील. लिफ्टने खाली, श्वास बसला की पुन्हा. चार फेऱ्या पुरे. चौथ्या मजल्यावर पोहोचल्यावर वॉचमनकाकांशी किंवा शेजाऱ्यांशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, कसोटी तीच.

लिफ्ट नसलेल्या ठिकाणी, किंवा पुण्यात पर्वतीच्या १०३ पायऱ्यांवर जाणार असाल तर उतरावं लागणारच. मग फेऱ्या निम्म्या करा आणि उतरताना चढण्यापेक्षाही हळू या. पावसाळ्यात ओल्या दगडी पायऱ्या टाळा. इमारतीचा जिनाही लादी पुसलेली असताना निसरडा असतो, सफाईची वेळ विचारून ठेवा.

जिममधल्या फिरत्या पायऱ्यांच्या मशीनवर उतरण्याचा प्रश्नच येत नाही, ही तिची मोठी सोय. तिथे लेव्हलपेक्षा मिनिटाला किती पायऱ्या हा आकडा बघा आणि ३५ च्या आसपास सुरू करा. कमीत कमी लेव्हलही त्याच्या वर असेल तर तीन मिनिटं चढून दोन मिनिटं उतरून उभे राहा. दोन पॅडल वर-खाली होणारा स्टेपर मात्र वेगळा. त्यात पाऊल पॅडलवरून सुटत नाही आणि उंचीचा हिशेब लागत नाही, म्हणून त्याचे आकडे वहीत वेगळे लिहा.

७. आठवड्यात बसवायचं कुठे

रॉबर्ट हिक्सन या अमेरिकी संशोधकाचा १९८० सालचा एक प्रयोग या विषयात कायम सांगितला जातो. एका गटाने फक्त ताकदीचा व्यायाम केला, दुसऱ्याने फक्त दमाचा, तिसऱ्याने दोन्ही पूर्ण जोरात केले: आठवड्याला पाच दिवस वजनं आणि सहा दिवस जोरदार सायकल व पळणं. दहा आठवड्यांच्या त्या प्रयोगात तिसऱ्या गटाची ताकद सातेक आठवडे वाढली आणि शेवटी घसरायला लागली. 'कार्डिओने स्नायू जातात' ही भीती बरीचशी इथून आली. पण त्या लोकांनी केलं किती ते बघा! आठवड्याला दोन-तीन वेळा १५ ते ३० मिनिटं बोलता येईल अशा चालीने चढणाऱ्या नवख्याची गत तशी होत नाही. त्याला त्रास होतो तो वेगळ्या कारणाने: चुकीच्या दिवशी चढ घेतल्याने.

तीन नियम पाळा. वजनं आधी, चढ नंतर. आधी पाच मिनिटं सपाटीवर चालून अंग गरम करायला हरकत नाही, पण वीस मिनिटं चढ चालून मग स्क्वॉट करू नका, थकलेल्या पायांनी बार उचलताना ढंग बिघडतो. दुसरं, जड स्क्वॉट किंवा डेडलिफ्टच्या आदल्या दिवशी चढ किंवा जिना नको. तिसरं, डेडलिफ्ट झाल्यावर त्याच दिवशी चढ टाळा, पाठीचा खालचा भाग आधीच थकलेला असतो आणि तुम्ही नकळत दांड्यावर रेलता.

८. एक उदाहरण, आकड्यांसकट

माझा मावसभाऊ, वय ३४, वजन ८२ किलो, ठाण्याला सात मजली इमारतीत राहतो. दिवसभर खुर्चीतलं काम. सोमवारी जड स्क्वॉट, बुधवारी डेडलिफ्ट, शुक्रवारी हलका स्क्वॉट आणि बाकी अंगाचा व्यायाम. त्याच्यासाठी आम्ही असं बसवलं: सोमवारी आणि शुक्रवारी वजनं झाल्यावर थोडा चढ, शनिवारी एक लांब सत्र, रविवारी पूर्ण सुट्टी, म्हणजे सोमवारच्या स्क्वॉटला पाय ताजे.

पहिले दोन आठवडे ४.५ च्या वेगाने ४ टक्के. सोमवार-शुक्रवार १२ मिनिटं, शनिवारी २०. मिनिटाला एक मजला. शेवटची नाडी १२५ च्या आसपास. "एवढंच?" हा त्याचा पहिला प्रश्न होता. तिसऱ्या आठवड्यात चढ तोच, मिनिटं १५ आणि २५.

चौथ्या आठवड्याच्या शनिवारी मित्रांच्या नादाने त्याने ५ च्या वेगाने १० टक्क्यांवर अर्धा तास काढला. म्हणजे मिनिटाला एक मजला होता तो एकदम पावणेतीन झाला. त्या दिवशी काहीच वाटलं नाही. सोमवारी स्क्वॉटमध्ये पोटऱ्या इतक्या आखडलेल्या की खाली बसताना टाचा उचलायला लागल्या. मंगळवारी सकाळी पलंगावरून उतरून पहिली दहा-बारा पावलं टाकताना टाचेच्या वर, मागच्या जाड शिरेत दुखलं आणि आंघोळीपर्यंत थांबलं. ही खूण ओळखायला शिका. सकाळच्या पहिल्या पावलांना दुखून मग मोकळं होणारं दुखणं म्हणजे शिरेवर भार झेपण्यापेक्षा जास्त पडलाय.

पाचवा आठवडा त्याने सपाटीवरच चालला. स्क्वॉटला दुखत नव्हतं म्हणून ते चालू ठेवले, आणि रोज भिंतीला हात टेकवून सावकाश टाचा वर-खाली करण्याचे दोन सेट. सहाव्या आठवड्यात पुन्हा ४ टक्के, सातव्यात ५, नवव्यात ६, दहाव्यात ४.८ च्या वेगाने ७. आठव्या आठवड्यापासून शनिवारी ट्रेडमिलऐवजी जिना: चौथ्या मजल्यापर्यंत चार फेऱ्या, म्हणजे १६ मजले. दहाव्या आठवड्याला सातव्या मजल्यापर्यंत तीन फेऱ्या, २१ मजले.

दहाव्या आठवड्याच्या शेवटी एक दिवस मुद्दाम पहिल्या दिवसाचेच आकडे टाकले: ४.५, ४ टक्के, १२ मिनिटं. नाडी १२५ च्या जागी ११२ वर थांबली. त्याच्या लेखी मोठा फरक वेगळाच होता. स्क्वॉटच्या दोन सेटमध्ये पाच मिनिटं बसायचा, ती तीनवर आली, आणि वजन या काळात ४० वरून ५५ किलोवर गेलं.

९. दुखलं तर कसं ओळखायचं

पोटरी भरून येणं, दाबल्यावर दुखणं, दोन दिवसांत उतरणं, हे पहिल्या आठवड्यांत चालतं. टाचेमागच्या शिरेचं दुखणं वर सांगितलं. तळव्यात टाचेच्या पुढे सकाळी खुपत असेल तर बूट बघा आणि चढ निम्म्यावर आणा. नडगीच्या पुढच्या बाजूला ओढ बसत असेल तर बहुधा वेग जास्त आहे आणि चवडा आपटतोय, वेग ४ वर आणा. गुडघ्याच्या वाटीमागे जिन्यावर दुखत असेल तर दोन आठवडे जिना बंद, ट्रेडमिलचा चढ ३-४ टक्के.

एका ठिकाणी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं, सूज, किंवा लंगडत चालावं लागणं हे स्नायू भरून येणं नव्हे. तिथे थांबा आणि हाडांच्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवा. एका पोटरीत सूज आणि उष्णता जाणवत असेल तर त्याच दिवशी. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, एकदम घाम आणि मळमळ असं काही झालं तर मशीन बंद करून बसा आणि शेजारच्याला लगेच सांगा. 'ॲसिडिटी असेल' म्हणून घरी जाऊ नका.

१०. पुढे वाढवायचं कसं, आणि खंड पडला तर

एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी मिनिटं, मग चढ, सगळ्यात शेवटी वेग. मिनिटं एका वेळी पाचाहून जास्त वाढवू नका, चढ आठवड्याला एक टक्क्याहून जास्त नको. ४.८ च्या वर जायची गरज नवख्याला सहसा पडतच नाही, कारण वेग वाढला की पावलं लांब होतात आणि हात दांड्याकडे जातात. स्क्वॉटचं वजन वाढवलेल्या आठवड्यात चढ तिथेच ठेवा. दोन्ही एकदम वाढवले आणि पाय जड झाले तर दोष कोणाचा हे कळत नाही.

गणपतीत, लग्नसराईत किंवा तापाने दोन आठवडे सुटले तर वहीतला शेवटचा आकडा उचलू नका. दम लवकर परत येतो, टाचेमागची शीर सवय सुटल्यावर सावकाश जुळवून घेते. दोन टक्के खालच्या चढावर आणि दोन-तृतीयांश मिनिटांवर सुरू करा, एक आठवडा तसं चाला, आणि सकाळची पहिली पावलं न दुखता पडत असतील तरच पुढच्या आठवड्यात एक टक्का वाढवा.